भूक आहे, पण घासाची भीती

एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर. वय सदुसष्ट, चाळीस वर्षं विडी. जेवून उठल्यावर वीसेक मिनिटांत बेंबीच्या आसपास कळ सुरू व्हायची आणि दोन तास छळून आपोआप थांबायची. मग ते दोन भाकऱ्यांवरून एकीवर आले, पुढे अर्धीवर. आठ महिन्यांत चौदा किलो वजन उतरलं. घरच्यांना वाटलं, म्हातारा रुसलाय. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले, पित्ताशय काढलं, तरी कळ तशीच राहिली. एंडोस्कोपीही नॉर्मल आली. सगळ्यांच्या मनात कॅन्सर होता, फक्त बोलत कुणी नव्हतं. (हे ड्रायव्हर कल्पित आहेत, त्यांची फरफट मात्र या आजारात नेहमीची.)

शेवटी एका डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला, "काका, भूक लागत नाही, की खायची भीती वाटते?"

"भूक लागते हो. ताट बघूनच धडकी भरते."

अन्न पोटात गेलं की आतड्यांना एरवीपेक्षा बरंच जास्त रक्त लागतं. ते महाधमनीच्या पुढच्या बाजूने निघणाऱ्या तीन रक्तवाहिन्यांतून येतं. वयाने आणि तंबाखूच्या धुराने त्यांच्या तोंडाशी चरबी आणि चुन्याचा थर साचतो. एक वाहिनी अरुंद झाली तर बाकीच्या आडवाटांनी रक्त पुरवतात. म्हणूनच बहुधा तीनपैकी दोन बिघडेपर्यंत त्रास जाणवत नाही. त्यानंतर मात्र उपाशीपोटी भागतं, जेवल्यावर भागत नाही. जिना चढताना हृदयविकाराच्या रुग्णाची छाती दुखते, तसंच हे आतड्याचं दुखणं. ते साठीनंतर आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं.

साध्या सोनोग्राफीत हे सुटतं, कारण ती पित्ताशय, यकृत, मूत्रपिंडं बघते. या वाहिन्यांसाठी उपाशीपोटी डॉपलर करावा लागतो. खात्री सीटी अँजिओग्राफीने होते. तीही बाजूने पाहावी लागते, कारण समोरून पाहिलं तर वाहिन्यांची तोंडं महाधमनीच्या सावलीत लपतात. काकांची वरची वाहिनी पूर्ण बंद होती आणि आतड्याची मुख्य वाहिनी दोऱ्याएवढी उरली होती.

त्या मुख्य वाहिनीत जांघेतून तार घालून स्टेंट बसवला. काही दिवसांतच ते पोटभर जेवू लागले. पण स्टेंटमध्ये पुन्हा अडथळा येऊ शकतो, म्हणून अधूनमधून डॉपलर करावा लागतो. बायपास जास्त टिकतो, पण पोट उघडावं लागतं, आणि इतक्या खंगलेल्या माणसाला ते झेपेलच असं नाही. विडी तर दोन्हीकडे सोडावीच लागते.

जेवणानंतर येऊन जाणारी ही कळ एखाद्या दिवशी न खाताच उठली आणि थांबेचना, तर त्या अरुंद वाटेत गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा पोट दाबून पाहिलं तर मऊच लागतं आणि रुग्ण मात्र तळमळत असतो. अशा वेळी सकाळची वाट बघू नये. आतडं काही तासांत काळं पडतं.