गिझरवरचा काटा कशाने फिरतो?

ताप मोजायच्या जुन्या काचेच्या नळीत पारा चढतो, कारण तापल्यावर तो काचेपेक्षा जास्त फुगतो. खालच्या फुग्यातला पारा जरासा वाढला तरी केसासारख्या बारीक नळीत तो बराच वर सरकतो.

गिझरच्या तबकडीमागे पारा नसतो. तिथे पितळ आणि पोलादासारख्या दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना पक्क्या जोडलेल्या असतात. समजा, अशी जोडपट्टी १० सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड आहे. ती १०० अंशांनी तापली की पितळ पोलादापेक्षा जेमतेम ०.०७ मिलिमीटर जास्त वाढतं. पण सुटं होता येत नाही, म्हणून पट्टी पोलादाच्या बाजूला वाकते आणि तिचं मोकळं टोक सुमारे पाच मिलिमीटर सरकतं! तीच पट्टी गुंडाळून स्प्रिंग केली की टोकाला लावलेला काटा गोल फिरतो.

ओव्हनमध्ये काच फुटली तर काचा आणि विषारी पारा अन्नात. अल्कोहोल तर ७८ अंशांनाच उकळतं. धातूची पट्टी २५० अंश सहज सोसते, आकडा लांबून दिसतो. मात्र ती सावकाश तापते आणि दोन-चार अंशांची चूक करते. ताप मोजायला ती नको.

काट्याबद्दल शंका आली तर ओव्हनमधला सुटा, दांडीवाला मापक काढून दांडी उकळत्या पाण्यात धरा. मुंबईत काटा १०० च्या आसपास थांबायला हवा, पुण्यात ९८ च्या.