फोटोत वजन दिसत नाही

म्युनिकला शिकायला निघालेल्या भाच्याने उघड्या बॅगेचा फोटो पाठवला. वर कुकर, त्याच्याखाली जीन्सची चळत, कडेला तुपाची बरणी, मसाल्यांच्या पुड्या, आणि चेन लागायला चार बोटं कमी. तिकिटावर मर्यादा 23 किलो, काटा दाखवत होता 27.4. घरच्यांनी लगेच हवा काढून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या सुचवल्या. त्या पिशव्यांनी जागा होते, वजन मात्र तेवढंच राहतं. उलट रिकामी दिसणारी जागा भरायचा मोह होतो.

म्हणून आधी बॅग उपसून एकेक जिनसाचं वजन करायचं. घरच्या काट्यावर आधी आपण एकटे, मग वस्तू हातात घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. लहान वस्तूंना स्वयंपाकघरातला काटा बरा. काट्याकाट्यात फरक असतो, म्हणून आम्ही साडेबावीस किलोच धरले. म्हणजे 4.9 किलो कमी करायचे होते.

पहिली निघाली काचेची बरणी, 1.4 किलो. आजीचा जीव तिच्यात होता, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, आणि तूप दुधाचंच. पेढेही त्याच वाटेने गेले असते. दुसरी पॉवर बँक. सुटी लिथियम बॅटरी तापून पेट घेऊ शकते. ती विमानाच्या पोटात पेटली तर विझवायला तिथे माणूस नसतो. त्यामुळे ती हातातल्या बॅगेतच लागते. लॅपटॉपचा चार्जरही तिच्यासोबत गेला आणि 600 ग्रॅम कमी झाले. मूळ प्रमाणपत्रांची फाइल 800 ग्रॅमची. ती मोठ्या बॅगेत ठेवलीच कशी, हा वेगळा प्रश्न. बॅग हरवली तर प्रवेश अडायचा.

उरलं जाकीट, 1.2 किलो, आणि बूट, 900 ग्रॅम. दोन्ही अंगावर. मुंबईच्या उकाड्यात जाकीट हातावर टाकून हिंडावं लागतं, पण अंगावरच्या कपड्यांचं वजन सहसा कुणी करत नाही.

हिशेब जुळला. कुकर, मसाले, भाजणी, सगळं राहिलं. कुकरच्या पोटात मोजे भरले. मसाल्याच्या पुड्या तिथे कोंबल्या असत्या तर धातूआडचा तो गठ्ठा क्ष-किरणात नीट दिसला नसता आणि बॅग उघडायला लागली असती. जड सामान चाकांच्या बाजूला ठेवलं.

हातातली बॅग आधी 5.2 किलोची होती, ती 6.6 झाली. तिची मर्यादा होती 8. हे पाहायचं लोक विसरतात आणि मग काउंटरसमोर फरशीवर दोन्ही बॅगा उघडून बसतात. रोजची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी तिच्यात आधीपासून होतीच. एक कपड्याचा जोड तेवढा वर ठेवला.