३/८ मोठा का वाटतो? अपूर्णांकाच्या एका तासिकेचं टाचण

‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची तुलना समजेल.’ पाचवीच्या गणिताच्या टाचणवहीत उद्दिष्टाच्या रकान्यात असं वाक्य हमखास असतं. वाक्य चुकीचं नाही, पण घंटा झाल्यावर ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, कारण समजणं डोळ्यांना दिसत नाही. मुलाने पाटीवर काय लिहिलं, कागदाला घडी कुठे घातली, उत्तराचं कारण काय दिलं, एवढंच दिसतं. उद्दिष्ट लिहायचं ते या दिसणाऱ्या गोष्टींत.

चाळीस मिनिटांच्या एका तासिकेसाठी मी ते असं लिहीन: ‘अंश सारखे असलेल्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे मूल सांगेल आणि का, ते पट्टी दाखवून किंवा वाटणीच्या भाषेत पटवून देईल.’ त्याखाली दुसरी ओळ: ‘ज्या अपूर्णांकांना पूर्ण एक व्हायला एकच भाग कमी आहे, त्यांची तुलना मूल उरलेल्या भागावरून करेल.’ बस, एवढंच. बेरीज नाही, समच्छेद करणंही नाही.

एवढ्याशा गोष्टीला आख्खी तासिका का, असं कुणी विचारेल. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना एक प्रश्न होता: १२/१३ + ७/८ याचं उत्तर अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळपास एक एक आहेत, म्हणून उत्तर २. ते जेमतेम चोवीस टक्के मुलांनी निवडलं. त्याहून जास्त मुलांनी १९ निवडलं आणि जवळपास तितक्याच मुलांनी २१. म्हणजे कुणी अंशांची बेरीज केली, कुणी छेदांची. १२/१३ ही एकच संख्या आहे आणि ती एकाच्या जरा अलीकडे आहे, हे त्यांना दिसलंच नाही. आकडेमोडीआधी संख्येचा आकार दिसायला हवा, म्हणून ही तासिका.

पहिली पाच मिनिटं पाटीवरची. बाई विचारतात, “पाव लिटर तेल जास्त की अर्धा लिटर?” याचं उत्तर वाण्याकडे जाणारं प्रत्येक मूल देतं. लगेच फळ्यावर १/४ आणि १/२ लिहायचं आणि मोठी संख्या पाटीवर लिहायला सांगायची. आता काही पाट्यांवर १/४ येतो. तोंडातला पाव आणि फळ्यावरचा १/४ एकच आहेत, हा दुवा त्या मुलांच्या मनात अजून जुळलेला नाही. चुकलेल्यांना लगेच दुरुस्त करायचं नाही. कोणाच्या पाटीवर काय आलं ते लक्षात ठेवायचं आणि पट्ट्या वाटायच्या.

पट्ट्यांची लांबी विचार करून ठरवावी. कोऱ्या ए-फोर कागदातून २४ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापल्या, तर एका कागदातून दहा निघतात, म्हणजे दोन जोड्यांचं काम भागतं. २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो, त्यामुळे प्रत्येक भाग पट्टीने मोजताही येतो. भाकरीचं वर्तुळ वाटणी सांगायला छान, पण त्याचे तीन किंवा सहा सारखे भाग हाताने काढणं मोठ्यांनाही जमत नाही. भाग असमान आले की तुलनेतला अर्थच जातो. म्हणून भाकरी गोष्टीत ठेवावी आणि हातात पट्टी द्यावी.

दर जोडीला पाच पट्ट्या. एकीचे दोन भाग, दुसरीचे चार, तिसरीचे आठ, हे घडीवर घडी घालून होतात. तिसऱ्या वेळी घडी घातल्यावर पट्टी उलगडायच्या आधी थांबून विचारावं, “आता किती भाग झाले असतील?” बरीच मुलं सहा म्हणतात, काही जण तीन घड्या म्हणून तीन म्हणतात. उलगडल्यावर आठ निघतात. तीन भागांची घडी मात्र अंदाजाने नीट पडत नाही, म्हणून उरलेल्या दोन पट्ट्यांवर ८ आणि १६ सेंटिमीटरला पेन्सिलची खूण आधीच करून ठेवावी. त्यातल्या एकीच्या प्रत्येक भागाची परत अर्धी घडी घातली की सहा भाग. प्रत्येक पट्टीचा पहिला भाग रंगवायचा, त्यावर त्याचं नाव लिहायचं आणि सगळ्या पट्ट्या डावीकडून एका रेषेत एकाखाली एक ठेवायच्या. या डाव्या कडेकडे बाईंनी स्वत: फिरून लक्ष द्यावं. एखादी पट्टी सरकली की मूल प्रामाणिकपणे चुकीचंच पाहतं. याला बारा मिनिटं धरावीत. कापाकापी वर्गात काढली तर बाराची पंचवीस होतात, म्हणून ती आदल्या दिवशीच उरकावी.

सतराव्या मिनिटाला तासिकेचं वळण येतं. इथे बहुतेक वेळा विचारलं जातं, “समजलं का?” आणि वर्ग एका सुरात “हो” म्हणतो. त्या ‘हो’मधून काहीच कळत नाही. त्याऐवजी पट्ट्या पालथ्या घालायला लावून दोन जोड्या फळ्यावर लिहाव्यात. पहिली ३/४ आणि ३/८. दुसरी २/३ आणि ५/६. प्रत्येक जोडीतली मोठी संख्या पाटीवर लिहायची, सारख्या वाटल्या तर बरोबरचं चिन्ह काढायचं. पाटी छातीशी धरायची आणि “वर” म्हटलं की सगळ्यांनी एकदम उचलायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून लिहिणं होत नाही.

या दोन जोड्या सहज सुचल्या म्हणून घेतलेल्या नाहीत. जे मूल अंश आणि छेद सुट्या संख्या म्हणून वाचतं, ते आठ चारापेक्षा मोठा म्हणून ३/८ लिहील आणि दुसरीकडे ५/६. ज्या मुलाने ‘छेद लहान तो अपूर्णांक मोठा’ एवढं पाठ केलंय, ते ३/४ आणि २/३ लिहील. तिसरं एक मूल असतं, ते अंश आणि छेद यांतला फरक बघतं. चारातून तीन गेले एक, आठातून तीन गेले पाच, म्हणून ते ३/४ बरोबर सांगतं. पण दुसऱ्या जोडीत दोन्हीकडे फरक एकच येतो, म्हणून ते बरोबरचं चिन्ह काढतं. ज्याला खरंच दिसलंय, त्याच्या पाटीवर ३/४ आणि ५/६ असतात. एकाच जोडीवर थांबलं असतं तर चुकीच्या वाटेने आलेलं बरोबर उत्तर खऱ्या उत्तरात मिसळून गेलं असतं. दोन जोड्या मिळून चार तऱ्हा वेगळ्या पडतात, आणि तीस पाट्यांवर नजर फिरवायला एक मिनिट पुरतं. उरलेल्या चार मिनिटांत दोन-तीन मुलांना कारण विचारावं. “बाई, आठ भाग केले की एकेक भाग बारीक होतो,” असं एखादी मुलगी म्हणाली, तर ते तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहावं.

आता पुढच्या बारा मिनिटांसाठी वर्ग तीन ठिकाणी बसतो. ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ असे गट वर्षाच्या सुरुवातीला पाडून ठेवण्याला माझा ठाम विरोध आहे. आज, या दोन प्रश्नांवर कोण कुठे आहे, एवढ्यावरच बसायची जागा ठरावी. उद्या ती बदलेल. विषय तिन्ही ठिकाणी तोच, खोली वेगळी.

ज्यांनी ३/८ लिहिला, त्यांच्याजवळ बाईंनी स्वत: बसावं. एक भाकरी दोघांत, मग चौघांत, मग आठ जणांत. खाणारी तोंडं वाढली की वाटा कमी होतो, हे मुलं लगेच सांगतात. तोच वाटा पट्टीवर बोटाने दाखवायचा आणि १/२, १/३, १/४, १/६, १/८ उतरत्या क्रमाने लावायचे. मग तीन-तीन वाटे घेऊन पुन्हा ३/४ आणि ३/८. अडखळलेल्या मुलाला नियम सांगून मोकळं होण्याचा मोह होतो, तो आवरावा. नियम दिला की ते उद्या दुसऱ्या गटातली चूक करू लागतं.

त्या दुसऱ्या गटासाठी, म्हणजे नियमवाल्या आणि फरक बघणाऱ्या मुलांसाठी, न रंगवलेला भाग महत्त्वाचा. २/३ पर्यंत रंगवलं की पट्टी १६ सेंटिमीटरवर थांबते, एकतृतीयांश म्हणजे ८ सेंटिमीटर उरतात. ५/६ ची पट्टी २० वर थांबते, उरतात ४. दोन्हीकडे एकच भाग कमी आहे हे मुलाचं म्हणणं खरं आहे, पण ते भाग सारखे नाहीत. हे दिसल्यावर ३/४ आणि ७/८ त्यांनी आपापले करावेत.

दोन्ही बरोबर आलेल्यांत एखादा शिष्यवृत्तीच्या सरावातला तिरका गुणाकार करणारा असतोच. त्याला अडवू नये. ३/७ आणि ५/९ दिले की तो २७ आणि ३५ काढून ५/९ मोठा म्हणेल. तेव्हा विचारावं, “सत्तावीस कशाचे?” ते त्रेसष्टांश आहेत, हे शोधण्यात त्याची काही मिनिटं चांगली जातात. गुणाकार न करता सांगायचं तर ३/७ अर्ध्याच्या आत आहे आणि ५/९ अर्ध्याच्या पुढे. त्यानंतरचा प्रश्न: १/४ आणि १/३ यांच्या मधला एक अपूर्णांक सांगा. पट्टीवर ते ६ आणि ८ सेंटिमीटरला आहेत. मध्ये ७ आहे, पण त्याला नाव काय? ७/२४ सापडतो तेव्हा हा गट हमखास आरडाओरडा करतो. करू द्यावा.

शेवटची सहा मिनिटं सगळे आपापल्या जागी, हातात कागदाची चिठ्ठी. पहिला प्रश्न: दोन भाकऱ्या पाच मुलांत सारख्या वाटल्या, तेवढ्याच दोन भाकऱ्या दुसरीकडे सात मुलांत वाटल्या. कुठल्या मुलाला जास्त मिळेल, हिस्सा लिहून सांगा. ‘तेवढ्याच’ हा शब्द गाळू नये. पूर्ण एक लहान-मोठा असेल तर तुलनाच होत नाही. शिवाय पाच आणि सात भाग पट्ट्यांवर नाहीत, त्यामुळे विचार पट्टीच्या पुढे गेला का तेही कळतं. दुसरा प्रश्न: ३/४ आणि ५/६ यांत मोठा कोणता आणि का, एका वाक्यात.

चिठ्ठ्यांचे मधल्या सुट्टीत तीन ढीग करावेत: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही किंवा भलतंच, आणि उत्तरच चूक. मधला ढीग सर्वांत नीट वाचावा. ‘५/६ मोठा कारण पाच आणि सहा मोठे आहेत’ अशी चिठ्ठी त्यातच असते आणि नुसतं उत्तर तपासलं तर ती सुटून जाते. हा ढीग मोठा असेल तर दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं पुन्हा २/३ आणि ५/६ च्या पट्ट्यांना द्यावीत. लहान असेल तर त्या मुलांना सकाळी परिपाठानंतर जवळ घेऊन भागतं, आणि वर्ग एकाहून मोठ्या अपूर्णांकांकडे जातो. त्यासाठी दर जोडीला पट्ट्यांचा दुसरा संच लागेल, कारण दीड दाखवायला एक पट्टी पुरत नाही.