टक्के बेरजेने जुळत नाहीत

बँकेच्या परीक्षांत तक्त्यावरचे प्रश्न सोडवताना सगळ्यात जास्त गुण घालवणारा गैरसमज म्हणजे लागोपाठच्या वर्षांतली टक्केवारी बेरीज-वजाबाकीने एकत्र करता येते, हा. समजा, एका कारखान्याच्या उत्पादनात 2020 मध्ये 25 टक्के वाढ, 2021 मध्ये 20 टक्के घट, 2022 मध्ये 12.5 टक्के वाढ आणि 2023 मध्ये 20 टक्के वाढ झाली. बेरीज केली तर एकूण वाढ 37.5 टक्के दिसते आणि हा आकडा पर्यायांत हमखास दिलेला असतो. प्रत्यक्षात प्रत्येक टक्का आदल्या वर्षाच्या आकड्यावर मोजलेला असतो, 2019 च्या नव्हे. 25 टक्के वाढ म्हणजे सव्वापट, म्हणजे 5/4. 20 टक्के घट म्हणजे 4/5. या दोघांचा गुणाकार 1 येतो. म्हणजे 5 टक्के वाढ दिसते तिथे मुळात काहीच वाढलेले नाही. उरले 9/8 आणि 6/5. त्यांचा गुणाकार 1.35. खरी वाढ 35 टक्के.

टप्प्याटप्प्याने केलेले गणितच जास्त खात्रीचे, असे अनेकांना वाटते. उत्तर त्यानेही बरोबरच येते, पण दर वर्षी टक्के काढून मिळवायचे-वजा करायचे, तर चार वर्षांच्या आठ क्रिया होतात आणि एक चुकली की पुढचे सगळे चुकते. शिवाय प्रश्न उलटा आला की ही सवय दगा देते. 2023 चे उत्पादन 5,400 टन असेल, तर 2022 चे किती? घाईत 5,400 मधून 20 टक्के वजा होतात आणि 4,320 येते. खरे तर 5,400 ला 6/5 ने भागायचे, उत्तर 4,500. थेट 2019 चा आकडा हवा असेल तर 1.35 ने भागावे: 4,000 टन. मधल्या वर्षांना हातही लावावा लागत नाही.

टक्के लहान असतील तर बेरीज चालते, हा आक्षेप रास्त आहे. 2 आणि 3 टक्क्यांच्या वाढीत खरे उत्तर 5.06 येते, पर्याय दूरदूरचे असतील तर 5 धरायला हरकत नाही. मात्र वर घेतल्यासारखे टक्के मोठे आणि पर्याय जवळजवळचे असतील, तर हा आडाखा धोक्याचा.

गुणकालाही मर्यादा आहे. तो एकाच राशीच्या साखळीला लागू पडतो. शेजारच्या दुसऱ्या कारखान्याची त्याच काळातली वाढ 5 टक्के असेल, तर दोघांची मिळून वाढ सरासरीने 20 टक्के ठरत नाही. दुसऱ्याचे मूळ उत्पादन 1,000 टन असेल, तर 5,000 चे 6,450 होतात, म्हणजे वाढ 29 टक्के. मूळ आकडे किंवा त्यांचे गुणोत्तर काहीच कळत नसेल, तर एकत्रित वाढ काढता येत नाही आणि अशा प्रश्नात ‘माहिती अपुरी’ हाच पर्याय बरोबर असतो.