नांगराच्या कारखान्याचे वार्तापत्र

लक्ष्मणराव किर्लोस्कर लोखंडी नांगर विकू लागले, तेव्हा किमतीपेक्षा मोठी अडचण होती ती एका समजुतीची: लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते. लाकडी नांगर ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्याला ही शंका साहजिक होती. ती नुसत्या जाहिरातीने जाणारी नव्हती. हरळी आणि कुंदा मुळासकट निघतात का, बैलांना ओढ किती बसते, फाळ झिजला तर नवा मिळतो का, या प्रश्नांची उत्तरे त्याला आधी हवी होती.

1910 मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि दहा वर्षांनी, 1920 मध्ये, लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव चित्रकार होते, कारखान्याच्या जाहिरातीही तेच पाहत. कारखान्याने स्वतःचे नियतकालिक काढून थेट ग्राहकाशी बोलावे, ही रीत जगात नवी नव्हती. अमेरिकेत नांगर बनवणाऱ्या जॉन डियर कंपनीने 1895 मध्येच ‘द फरो’ काढले होते. नांगर घेणारा माणूस पारखी असतो. त्याला आधी माहिती पटावी लागते, मग माल.

आजच्या अभियांत्रिकी कंपनीसाठीही हेच खरे. एखादी पंप बनवणारी कंपनी घ्या. बीड जिल्ह्यात नारायणगडासारख्या चढाच्या मुलखात विहीर खाली आणि शेत वर, हा नेहमीचा प्रकार. तिथे उपसा योजना आखणाऱ्या अभियंत्याला ‘आमचा पंप दर्जेदार’ हे वाक्य काही कामाचे नाही. त्याचा प्रश्न असतो: पंप मोठा घेऊ की पाइप?

अशा कंपनीच्या वार्तापत्रातला एक लेख याच प्रश्नावर लिहिता येतो. समजा, सेकंदाला 5 लीटर पाणी हवे आहे, विहिरीतल्या पाण्यापासून शेतापर्यंतची उभी उंची 20 मीटर आहे आणि पाइप 300 मीटर लांब आहे. पाइपचा आतला व्यास 58 मिलिमीटर असेल, तर घर्षणातच सुमारे 20 मीटर हेड जाते. एकूण हेड 40 मीटर होते. व्यास 70 मिलिमीटर केला की घर्षण 8 मीटरवर येते आणि एकूण हेड 28 मीटर. पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर पहिल्या पाइपला शाफ्टवर सुमारे 4.4 एचपी लागतात, दुसऱ्याला सुमारे 3.1. फूट व्हॉल्व्ह आणि बेंडचा तोटा यात धरलेला नाही, हेही लेखात स्पष्ट लिहायचे. हा लेख ग्राहकाला मोठा पंप न घेता मोठ्या व्यासाचा पाइप घ्यायला सांगतो. कंपनीची एक मोठी विक्री त्यात जाईल, पण पुढच्या कामाच्या वेळी तोच अभियंता पहिला फोन इथेच करील.

असे विषय सुचण्यासाठी डोके खाजवावे लागत नाही. सर्व्हिस इंजिनिअरची वही उघडायची. महिन्यात जो प्रश्न तीन साइटवरून आला, तो पुढच्या अंकाचा विषय. इंजिनिअरने तो तोंडी सांगावा, लेखनिकाने लिहावा आणि आकडे पुन्हा इंजिनिअरने तपासावेत. यातली शेवटची पायरी गाळली की घात होतो, कारण एक चुकीचा आकडा जाणकार वाचकाच्या डोळ्यांत लगेच खुपतो. दर महिन्याला एकच विषय पुरे. मात्र वेळ साधावी लागते: उन्हाळी उपशाचे गणित फेब्रुवारीत पोहोचले पाहिजे, कारण मेमध्ये पंप बसलेला असतो. खरेदी अधिकाऱ्याला हे गणित नको असते. त्याच्यासाठी कोटेशन कसे तपासावे, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, असा वेगळा छोटा मजकूर ठेवावा.

घसरण होते ती विषय पसरू दिल्याने. ‘खबर’ पुढे कथा, विचार आणि समाजसुधारणेकडे वळली, 1929 मध्ये तिचे नाव ‘किर्लोस्कर’ झाले आणि मराठीला एक मोठे मासिक मिळाले. मराठी वाचकाचा तो लाभच होता. पण ज्याला पंप किंवा यंत्र विकायचे आहे, त्याने ही वाट धरली तर कामाचा वाचक निसटतो. सणाच्या शुभेच्छा, संचालकांचे सत्कार आणि पुरस्काराचे फोटो अंकात वाढू लागले, की उतरण लागली असे समजावे.

वार्तापत्राचा ईमेल किती जणांनी उघडला, यावर यश मोजू नये. 2021 पासून अ‍ॅपलची मेल यंत्रणा चित्रे आपोआप आधीच उतरवून घेते, त्यामुळे न वाचलेला अंकही उघडल्यासारखा दिसतो. त्याऐवजी चौकशीचे पहिले पत्र पाहावे. वर्षापूर्वी त्यात ‘5 एचपी पंपाचा दर कळवा’ असे असे. आता त्यात प्रवाह, हेड आणि पाइपचा व्यास लिहून येत असेल, तर लेख वाचला गेला, समजला आणि कामी आला.