ब्याऐंशी टक्के जुळले, तरी पुरेसे नाही

शोधयंत्राने दिलेला मजकूर प्रश्नाला धरून आहे की नाही, हे पूर्वी माणसेच वाचून ठरवत. आता हे काम भाषा-मॉडेलकडे सोपवले जाते. त्याचा निवाडा विश्वासार्ह आहे का, हे मात्र माणसांच्या निवाड्याशी ताडूनच कळते.

समजा, प्रश्न-मजकुराच्या 100 जोड्या आहेत. माणसाने 20 जोड्या संबंधित ठरवल्या, मॉडेलने 30. दोघांनीही होकार दिला 16 ठिकाणी, दोघांनीही नकार दिला 66 ठिकाणी. म्हणजे 82 टक्के एकमत. पण बहुतेक जोड्या असंबंधितच असल्या, की डोळे झाकून शिक्के मारले तरी बरेच जुळतात. इथे होकार-नकाराचे हेच प्रमाण ठेवून शिक्के मारले असते, तर 62 ठिकाणी एकमत योगायोगानेच झाले असते. जेकब कोहेन यांचा 1960चा ‘कॅपा’ हा योगायोग वजा करतो: 38 पैकी 20, म्हणजे सुमारे 0.53. मध्यमच.

मग मॉडेलने एकट्याने होकार दिलेल्या 14 जोड्या उघडून वाचाव्यात. माझ्या मते खरी माहिती तिथेच असते. ‘सोयाबीनवरील पिवळ्या मोझॅकवर उपाय’ या प्रश्नाला रोगामुळे भाव वाढल्याची बातमी चालली असेल, तर मॉडेल शब्द जुळले म्हणून फसले. अशा वेळी ‘मजकुरात उपाय सांगितलेला हवा’ अशी स्पष्ट सूचना द्यावी आणि पुन्हा तपासणी करावी, पण नव्या जोड्यांवर. शिवाय दोन माणसांचा आपसातला कॅपाही मोजावा. तोच 0.6 असेल, तर मॉडेलकडून 0.9ची अपेक्षा धरता येत नाही.