ओरडू नका, जवळ या

हुबळीच्या दाजीबानपेठेत संध्याकाळी दोन मीटरवरच्या दुकानदाराला भाव विचारायचा, तर आपण नकळत ओरडतो. गोंगाट वाढला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच घसातज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी 1911 साली मांडले. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून मेंदू तो वाढवत राहतो. समोरच्याला ऐकू जावे, ही धडपडही त्यात असते.

पण खरा हिशेब अंतराचा आहे. साधे बोलणे एक मीटरवर सुमारे 60 डेसिबल भरते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की 6 डेसिबल घटतात आणि निम्मे झाले की तेवढेच वाढतात. समजा, पेठेत 75 डेसिबल गोंगाट आहे. दोन मीटरवर आपले बोलणे 54 डेसिबलच उरते, म्हणजे गोंगाटापेक्षा 21 ने कमी. तेथूनच ऐकवायचे तर ओरडण्यावाचून गत्यंतर नाही. आता पुढे होऊन त्याच्या कानापासून वीतभर, म्हणजे पाव मीटरवर, तेच वाक्य तसेच म्हणा. ते 72 डेसिबल भरते. घशाला जराही ताण न देता 18 डेसिबल मिळाले! उरलेली तूट ओठांची हालचाल पाहून आणि विषयाच्या अंदाजाने कान भरून काढतो. म्हणून तोंड त्याच्याकडे वळलेले हवे आणि वाक्य लहान हवे.

पण जवळ जाता येत नसेल तर? वाहनांच्या घरघरीची बरीचशी ताकद खालच्या कंपनांत असते. कान मात्र 2000 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. स्वीडनचे संशोधक योहान सुंडबर्ग यांनी दाखवले की, ऑपेराच्या कसलेल्या गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास जादा तेज असते. वाद्यवृंद तिथे क्षीण असतो, म्हणून गायक ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू येतो. फेरीवाल्याची किंचित अनुनासिक, किणकिणीत हाक याच पट्ट्याचा फायदा घेते. आपणही घसा न आवळता आवाज टोकदार ठेवावा आणि व्यंजने स्पष्ट उच्चारावीत. एक कान तळहाताने झाकला, तर हाडांतून येणारा स्वतःचा आवाज मोठा वाटतो आणि चढलेला स्वर उतरवणे सोपे जाते.

याला मर्यादा आहेत. हुबळी स्थानकाचा फलाट 1507 मीटर लांब आहे. तिथे दूरच्या माणसाला हाक मारण्यात अर्थ नाही, हात उंचावून खूण करावी. गाडी शिरत असेल तर अर्धे मिनिट थांबावे.

बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला सुमारे 120 वेळा आणि स्त्रियांत 200 वेळा एकमेकांवर आपटतात. ओरडताना ही आपट जोरात बसते. बाजारातून परतल्यावर आवाज जड झाला, घसा खवखवला, तर तो ताण समजावा. कुजबुजही अनेकदा घसा आवळून केली जाते, तेव्हा ती विश्रांती नव्हे. पाणी प्यावे आणि बोलणे कमी करावे. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.